शीर्षक-टॅग आणि व्यवसायाचे नाव

संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाला दोन शीर्षके असतात. एक पानावर ठळक अक्षरांत दिसते आणि ते पान वाचणाऱ्यासाठी असते. दुसरे पानाच्या शिरोभागात, म्हणजे पडद्यावर न उमटणाऱ्या भागात, लिहिलेले असते. ब्राउझरच्या टॅबवर, जतन केलेल्या पानांच्या यादीत आणि शोधयंत्राच्या निकालांत प्रामुख्याने हे दुसरे शीर्षक वापरले जाते. त्यालाच टायटल टॅग किंवा शीर्षक-टॅग म्हणतात. एखाद्या छोट्या व्यवसायाचे पहिलेवहिले संकेतस्थळ उभे राहत असताना या टॅगात व्यवसायाचे नाव घालावे की नाही, आणि घातल्यास आरंभी घालावे की शेवटी, हा प्रश्न हमखास उपस्थित होतो. जुन्या, नावाजलेल्या पेढीला तो फारसा पडत नाही, कारण लोक तिला नावानेच शोधतात. नव्या व्यवसायाचे नाव मात्र अद्याप कोणाच्या तोंडी नसते. शीर्षकात जागा मोजकी असते, आणि त्या जागेवर ग्राहकाला ठाऊक असलेल्या शब्दांचाही हक्क असतो व त्याला अजून ठाऊक नसलेल्या नावाचाही.

शीर्षक-टॅगाची कल्पना जागतिक महाजालाइतकीच जुनी आहे. टिम बर्नर्स-ली यांनी आरंभीच्या काळात मांडलेल्या एचटीएमएल खुणांमध्ये शीर्षकाची खूण होती. नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २.० चे प्रमाणित विवरण प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रत्येक दस्तऐवजाला शीर्षक असलेच पाहिजे, असा दंडक त्यात घालण्यात आला. लांब शीर्षके काही ठिकाणी कापली जातील, म्हणून ती ६४ वर्णांपेक्षा कमी असावीत, असा सल्लाही त्याच विवरणात आहे. त्यातील आणखी एक सूचना आपल्या प्रश्नाला थेट भिडते. शीर्षक हे पानापासून वेगळे काढून वाचले तरी अर्थपूर्ण राहिले पाहिजे. नुसते ‘प्रस्तावना’ असे शीर्षक संदर्भाबाहेर निरर्थक ठरते, असे तेथे म्हटले आहे. त्या काळी शोधयंत्रांचे आजचे राज्य सुरूही झाले नव्हते. तरीही शीर्षक कसे पारखावे याची कसोटी तेव्हाच सांगितली गेली, आणि आजही तिच्याहून चांगली कसोटी मला आढळलेली नाही.

आज गूगलच्या निकालांत जी निळी ओळ दिसते ती शीर्षक-टॅगातून जशीच्या तशी येईलच असे नाही. ही ओळ तयार करताना गूगल शीर्षक-टॅगाबरोबर पानावरील मुख्य मथळा, इतर ठळक मजकूर आणि त्या पानाकडे येणाऱ्या दुव्यांतील शब्दही विचारात घेते. ऑगस्ट २०२१ मध्ये या पद्धतीत मोठा बदल झाला आणि अनेकांची शीर्षके निकालांत बदललेली दिसू लागली. त्यानंतर सप्टेंबरमध्ये गूगलने स्पष्ट केले की, सुमारे ८७ टक्के वेळा शीर्षक-टॅगच वापरला जातो. उरलेल्या वेळी तो बाजूला ठेवण्याची कारणेही गूगलच्या मार्गदर्शिकेत दिलेली आहेत, आणि त्यांतील काही कारणे व्यवसायाच्या नावाशी निगडित आहेत. प्रत्येक पानावर तोच मजकूर पुन्हा पुन्हा येणे हे त्यांपैकी एक. पानाचे वर्णन रिकामे राहून केवळ उभी रेघ आणि पुढे संकेतस्थळाचे नाव एवढेच उरणे हे दुसरे. तरीही मार्गदर्शिका नाव घालण्याच्या विरोधात मुळीच नाही. नाव थोडक्यात असावे, शीर्षकाच्या आरंभी किंवा शेवटी असावे, आणि संयोगचिन्ह, अपूर्णविराम किंवा उभी रेघ यांनी ते उरलेल्या मजकुरापासून वेगळे केलेले असावे, एवढेच ती सुचवते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये या प्रश्नाचे स्वरूपच पालटले. तोवर निकालातील निळ्या ओळीच्या वर पत्ता दिसत असे. त्या महिन्यापासून मोबाइलवरील निकालांत, आणि पुढील वर्षी संगणकावरील निकालांतही, गूगल संकेतस्थळाचे नाव स्वतंत्रपणे दाखवू लागले. म्हणजे छोटेसे बोधचिन्ह, शेजारी संकेतस्थळाचे नाव, त्याखाली पत्ता आणि मग शीर्षक. नाव वर दिसतच असेल तर ते खालच्या ओळीत पुन्हा कशाला, असा विचार तेव्हापासून बळावला, आणि तो अगदीच चुकीचा नाही. मात्र त्यात एक गोष्ट सुटून जाते. वरच्या ओळीतले नाव गूगलला कोठून तरी समजावे लागते. ते ज्या गोष्टींवरून ठरवले जाते त्यांत मुखपृष्ठावर शोधयंत्रासाठी लिहिलेली रचित माहिती, मुखपृष्ठावरील मथळे आणि मुखपृष्ठाचा शीर्षक-टॅग यांचा समावेश आहे. जुन्या व्यवसायाचे नाव इतर असंख्य ठिकाणी छापलेले असते. नव्या व्यवसायाबाबत सांगणारे दुसरे कोणीच नसते. मुखपृष्ठावरूनही नाव काढून टाकले आणि रचित माहितीही दिली नाही, तर त्या जागी पुष्कळदा नुसता संकेतस्थळाचा पत्ता दिसतो. म्हणून आतल्या पानांचे काहीही ठरवा, नव्या व्यवसायाच्या मुखपृष्ठावरील नावाला हात लावू नये, हा या संपूर्ण विवेचनातील सर्वांत ठाम निष्कर्ष आहे.

निर्णय मोठ्या प्रमाणात नावाच्या जातीवर अवलंबून असतो. काही नावे वर्णनात्मक असतात. ‘मिरज तानपुरा केंद्र’ असे नाव असेल तर गाव आणि काम दोन्ही नावातच आले. त्याच्या मागे पुन्हा ‘मिरज येथील तानपुरा’ असे जोडल्यास शीर्षकात तेच शब्द दोनदा येतात आणि वाचणाऱ्याला ते खटकतात. अशा नावाच्या व्यवसायाने आतल्या पानांवर नाव गाळले तरी फारसे बिघडत नाही. दुसरी जात सामान्य शब्दांची. ‘सरगम’, ‘स्वरांजली’ यांसारखी नावे वाद्यांची दुकाने, गायनाचे वर्ग आणि वाद्यवृंद यांनी ठिकठिकाणी घेतलेली असतात. असे एकाकी नाव प्रत्येक शीर्षकात घातले म्हणून शोधयंत्राला हा व्यवसाय वेगळा ओळखता येत नाही. त्याला काम आणि गाव जोडून पूर्ण नाव म्हणून वापरावे लागते. तिसरी जात नवघटित किंवा आगळ्या नावांची. त्यांना स्पर्धक नसतो, त्यामुळे मुखपृष्ठावर एकदा नीट लिहिले तरी नावाने शोधणाऱ्याला ते संकेतस्थळ सापडते. परंतु त्या नावाने अजून कोणी शोधतच नाही, ही त्यांची आरंभीची उणीव असते.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. मिरजेत तानपुरे आणि सतारी घडवणारी व दुरुस्त करणारी एक नवी कार्यशाळा आहे आणि तिचे नाव ‘षड्जवेल’ आहे, असे समजा. नाव कल्पित आहे, गाव मात्र खरे. मिरजेच्या तंतुवाद्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे आणि येथील सतार व तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे पुण्यातला, धारवाडचा किंवा परदेशातला गायक शोधखिडकीत ‘मिरज’ आणि ‘तानपुरा’ हे शब्द लिहील, हे सहज संभवते. ‘षड्जवेल’ हा शब्द तो लिहिणार नाही, कारण त्याने तो ऐकलेलाच नाही. दुरुस्तीच्या पानाचे शीर्षक म्हणून पुढील ओळ योग्य ठरते.

```html
<title>तानपुरा दुरुस्ती व जवारी, मिरज | षड्जवेल</title>
```

ज्या कामासाठी माणूस आला ते काम आधी, मग गाव आणि शेवटी नाव, असा हा क्रम आहे. नाव शेवटी ठेवण्यामागे केवळ शोधयंत्राचा विचार नाही. ब्राउझरमध्ये अनेक पाने एकदम उघडली की टॅबवर शीर्षकाची पहिली काही अक्षरेच दिसतात; सर्व पानांचा आरंभ ‘षड्जवेल’ने झाला तर कोणते पान कोणते हे ओळखता येत नाही. दृष्टिहीन व्यक्ती पडदावाचक वापरतात तेव्हा पान उघडताच बहुधा शीर्षक वाचून दाखवले जाते. प्रत्येक पानाचा विषय ऐकण्यापूर्वी त्यांना तेच नाव पुन्हा ऐकावे लागणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. पानाच्या शीर्षकाने विषय किंवा प्रयोजन सांगितले पाहिजे, ही सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत अगदी मूलभूत स्तरावरची अट आहे. मग नाव गाळूनच का टाकू नये? कारण पान जतन करणाऱ्याला महिन्याभराने यादीत ‘तानपुरा दुरुस्ती व जवारी, मिरज’ एवढेच दिसले, तर ते कोणाचे होते हे त्याला आठवणार नाही. तेथे शोधयंत्राची वरची ओळ मदतीला नसते. जागा असताना शेवटचे एक छोटे नाव फार थोड्या किमतीत हे काम करते.

मुखपृष्ठावर क्रम उलटा करावा, असे माझे मत आहे. ‘षड्जवेल | मिरज येथील तानपुरा व सतार निर्मिती आणि दुरुस्ती’ हे शीर्षक तेथे उचित, कारण नावाने शोधणारा, कार्ड पाहून आलेला किंवा कोणी शिफारस केलेला माणूस मुखपृष्ठावरच पोहोचतो आणि गूगलही नाव तेथूनच शिकते. याला एक अपवाद आहे. पुष्कळ छोट्या व्यवसायांचे संकेतस्थळ एकाच पानाचे असते. तेव्हा त्या एका शीर्षकालाच अनोळखी ग्राहकही आणायचा असतो. अशा वेळी काम आणि गाव आधी घ्यावे, नाव शेवटी ठेवावे, आणि नावाची निःसंदिग्ध नोंद पुढील रचित माहितीतून करावी. ती मुखपृष्ठावरच असावी लागते.

```html
<script type="application/ld+json">
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "WebSite",
  "name": "षड्जवेल",
  "alternateName": "Shadjavel",
  "url": "https://example.com/"
}
</script>
```

संपर्काचे पान आणि ‘आमच्याविषयी’ हे पान यांचा विचार निराळा करावा लागतो. ‘संपर्क’ हे एकाच शब्दाचे शीर्षक म्हणजे १९९५ च्या विवरणातील ‘प्रस्तावना’च होय. या पानांवर नाव हाच विषय असतो, म्हणून तेथे ते गाळता येत नाही: ‘संपर्क आणि पत्ता | षड्जवेल, मिरज’. याउलट ‘तानपुऱ्याचा भोपळा तडकल्यास काय करावे आणि तो दूरच्या प्रवासात कसा सांभाळावा’ यांसारख्या माहितीपर लेखाचे शीर्षक मुळातच लांब असते. तेथे नाव खुशाल सोडून द्यावे. कापले जाणारच असेल तर शेवटचे नावच कापले जाईल, आणि मग ते असून नसल्यासारखे.

कापले जाण्याची मर्यादा नेमकी किती, याविषयी बराच गैरसमज आहे. गूगलने शीर्षकाच्या लांबीला कोणतीही वर्णसंख्येची मर्यादा घातलेली नाही. निकाल दाखवताना उपकरणाच्या रुंदीनुसार ओळ तोडली जाते. पन्नास ते साठ वर्ण हा प्रचलित ठोकताळा इंग्रजी अक्षरांच्या सरासरी रुंदीवरून आलेला आहे आणि देवनागरीला तो नीट लागू पडत नाही. संगणक व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त या प्रत्येकाला स्वतंत्र वर्ण मोजतो. ‘षड्जवेल’ आपल्या दृष्टीने चार अक्षरांचा शब्द आहे, पण संगणकाच्या हिशेबात त्याचे सात वर्ण होतात. वरील दुरुस्तीच्या पानाचे शीर्षक संगणकाच्या हिशेबात चाळीस वर्णांचे आहे, प्रत्यक्षात अक्षरे मात्र अठराच. मात्रा आणि उकार अक्षराच्या वर-खाली बसतात व रुंदी जवळजवळ वाढवत नाहीत. त्यामुळे वर्ण मोजणारे साधन ‘फार लांब’ असा इशारा देत असले तरी मराठी शीर्षक ओळीत मावलेले असू शकते. घाबरून नाव काढण्यापूर्वी मोबाइलवर प्रत्यक्ष निकाल पाहावा.

मराठी व्यावसायिकापुढे लिपीचाही प्रश्न असतो. पान मराठीत लिहायचे आणि शीर्षक मात्र रोमन लिपीत ठेवायचे, अशी पद्धत आपल्याकडे पुष्कळ दिसते. जून २०२२ मध्ये गूगलने जाहीर केले की शीर्षकाची भाषा किंवा लिपी पानाच्या मजकुराशी जुळत नसेल, तर मजकुराच्या लिपीशी जुळणारे दुसरे शीर्षक निवडले जाऊ शकते. म्हणजे हौसेने रोमनमध्ये लिहिलेले नाव निकालातून नाहीसे होण्याची शक्यता असते. मराठी पानावर देवनागरी शीर्षक, इंग्रजी पान असल्यास त्यावर रोमन शीर्षक, आणि दुसऱ्या लिपीतले नाव वर दाखवल्याप्रमाणे पर्यायी नाव म्हणून रचित माहितीत, ही व्यवस्था निर्धोक आहे.

प्रत्यक्षात सर्वाधिक गोंधळ साधनांमुळे होतो. वर्डप्रेसमध्ये सामान्य सेटिंग्जमध्ये भरलेले संकेतस्थळाचे नाव प्रत्येक पानाच्या शीर्षकामागे आपोआप जोडले जाते. मालकाला हे ठाऊक नसते. तो पानाच्या शीर्षकातही नाव लिहितो आणि परिणामी ‘तानपुरा दुरुस्ती, षड्जवेल – षड्जवेल’ असे काहीतरी तयार होते. कधी थीम एक शीर्षक छापते आणि शोधयंत्रासाठी बसवलेले प्लगइन दुसरे, म्हणजे एकाच पानावर दोन शीर्षक-टॅग. कधी मुखपृष्ठाचे शीर्षक नुसते ‘होम’ राहते. आणखी एक दोष म्हणजे नोंदणीच्या कागदावरचे पूर्ण नाव, मालकी किंवा भागीदारीच्या उल्लेखासह, जसेच्या तसे सर्व पानांवर जाणे. हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे. संगणकावर पान उघडून `Ctrl+U` दाबावे, म्हणजे पानाचा मूळ मजकूर दिसतो. त्यात `<title` हा शब्द शोधावा. तो पानाच्या शिरोभागात एकदाच सापडला पाहिजे, आणि त्यातील ओळ आपण ठरवल्याप्रमाणे असली पाहिजे. रेखाचित्रे पानातच गुंफलेली असतील तर त्यांच्यातही असा टॅग असू शकतो. तो यात धरू नये. पानाची नोंद झाल्यावर शोधखिडकीत `site:` आणि लगेच पुढे आपला पत्ता लिहून निकालांत काय दिसते तेही पाहावे.

शीर्षक बदलल्यावर परिणाम तत्काळ दिसत नाही. गूगलने ते पान पुन्हा वाचावे लागते आणि त्यास काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. सर्च कन्सोल या गूगलच्या निःशुल्क साधनात पानाचा पत्ता तपासून पुन्हा वाचण्याची विनंती करता येते. तेथेच कामगिरीच्या अहवालात लोकांनी कोणते शब्द शोधले हे दिसते. नावाने आलेले शोध वेगळे काढण्यासाठी नावाची प्रमुख संभाव्य लेखने regex प्रकारच्या गाळणीत द्यावीत. आपल्या उदाहरणात ती पुढीलप्रमाणे होईल.

```
षड्जवेल|shada?ja?vel
```

या आकड्यांना एक मर्यादा आहे आणि ती ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. फार थोड्या लोकांनी शोधलेले शब्द गोपनीयतेसाठी या अहवालात दाखवलेच जात नाहीत, आणि नव्या छोट्या संकेतस्थळाचे बहुतेक शोध नेमके त्याच वर्गातले असतात. शिवाय महिन्याला मोजक्या भेटी येत असताना नाव आधी ठेवल्याने लाभ झाला की शेवटी ठेवल्याने, हे आकड्यांवरून सिद्ध करता येत नाही. त्या टप्प्यावर दर पंधरवड्याला शीर्षके बदलत बसणे व्यर्थ होय. अहवालात सोळा महिन्यांपर्यंतची माहिती मागे जाऊन पाहता येते. तेव्हा वर्षभराने तुलना करणे अधिक विश्वासार्ह.

वर्षभरानंतर नावाने येणारे शोध ठळकपणे वाढलेले दिसले, तर नावाला ओळख मिळाली असे समजावे. तेव्हा नाव पाहून माणूस निकालावर बोट ठेवू लागतो, आणि वाद्यविक्रीच्या महत्त्वाच्या पानांवर ते अधिक पुढे आणण्यात अर्थ असतो. तोपर्यंत नव्या व्यवसायाने मुखपृष्ठावर नाव आरंभी, सेवांच्या पानांवर शेवटी, संपर्काच्या पानावर अवश्य आणि लांब शीर्षकांच्या लेखांवर मुळीच नाही, ही व्यवस्था स्वीकारावी. दुकानाच्या फलकावर, गूगलच्या नकाशावरील नोंदीत आणि मुखपृष्ठाच्या शीर्षकात नावाचे लेखन अक्षरशः एकच ठेवावे.